कोल्हापूरचा रविवार, सॅन होजेचा शनिवार

२०२४ साली भाऊबीज रविवारी, ३ नोव्हेंबरला होती. समजा, बहीण कोल्हापुरात आहे, भाऊ कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत आहे, आणि ओवाळणं व्हिडिओ कॉलवर व्हायचं आहे. बहिणीच्या मनात सकाळचे नऊ आहेत: अंघोळी उरकलेल्या, ताट तयार, मुलं नवे कपडे घालून बसलेली. ती भावाला कळवते, ‘रविवारी सकाळी नऊला ये.’ या एवढ्याशा निरोपात कोणाचा रविवार आणि कुठले नऊ, हे कुठेच नाही. त्यातून त्या विशिष्ट रविवारी एक वेगळीच गोष्ट घडणार होती. अमेरिकेतली घड्याळं त्याच दिवशी एक तास मागे जायची होती.

परदेशी नातेवाईक असलेल्या घरांत वेळ काढायची एक तोंडी रीत असते. कॅलिफोर्नियासाठी उन्हाळ्यात ती अशी चालते: सकाळची रात्र करायची, रात्रीची सकाळ करायची आणि अर्धा तास वजा करायचा. इथे सकाळचे नऊ, म्हणजे तिथे रात्रीचे साडेआठ. उत्तर बरोबर येतं. पण ही रीत फक्त घड्याळाचा काटा सांगते, वार सांगत नाही. ते रात्रीचे साडेआठ शनिवारचे आहेत. भावाने ‘रविवार’ हा शब्द धरून रविवारी रात्री साडेआठला फोन उघडला, तर कोल्हापुरात तोवर सोमवारची सकाळ उजाडलेली असेल. म्हणून वेळ आणि तारीख एकाच हिशेबात काढायला हव्यात, आणि ते जमतं. त्यासाठी प्रत्येक ठिकाणाचा एक आकडा माहीत असावा लागतो.

हा आकडा म्हणजे यूटीसी या जागतिक संदर्भवेळेपासून आपलं घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे ते अंतर. पूर्वी आपण याच अर्थाने ग्रीनिचची वेळ म्हणत असू. कौटुंबिक कॉलपुरता दोन्हींत फरक धरायचं कारण नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. साडेब्याऐंशीला पंधराने भागलं की साडेपाच येतात. आपला आकडा +५:३० आहे तो त्यामुळे, आणि त्यातला अर्धा तासही तिथूनच आला. ही वेळ १९०६ मध्ये लागू झाली, तेव्हा मुंबईने ती सहजासहजी स्वीकारली नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि शहरात ती जुनी वेळ पुढे कित्येक वर्षं पाळली जात होती. एकाच गावात दोन घड्याळं सांभाळणारी माणसं आपल्याकडे फार जुनी नाहीत.

कॅलिफोर्नियाला मात्र एक नाही, दोन आकडे आहेत. हिवाळ्यात −८:०० आणि उन्हाळ्यात, घड्याळ एक तास पुढे केलेलं असताना, −७:००. अमेरिकेत २००७ पासून हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपतो. भारतात घड्याळ कधी हलत नाही. त्यामुळे दोन घरांमधलं अंतर उन्हाळ्यात साडेबारा तास असतं आणि हिवाळ्यात साडेतेरा.

आता हिशेब. वेळ रेल्वेच्या वेळापत्रकासारखी चोवीस तासांत लिहावी आणि तिच्या शेजारी वार व तारीख लिहावी. ही जोडी शेवटपर्यंत सोडायची नाही. आपल्या वेळेतून आपला आकडा वजा केला की यूटीसी मिळते. तिच्यात समोरच्याचा आकडा मिळवला की त्याची वेळ मिळते. आकडा उणे असेल तर मिळवणं म्हणजे अर्थातच वजा करणं. उत्तर शून्याच्या खाली गेलं तर त्यात २४ मिळवायचे आणि तारीख एक दिवस मागे न्यायची. उत्तर २४ किंवा त्याहून जास्त आलं तर २४ वजा करायचे आणि तारीख एक दिवस पुढे न्यायची. सारी युक्ती एवढीच आहे.

बहिणीच्या नऊ वाजण्यावर हे लावून पाहू. रविवार, ३ नोव्हेंबर, ९:००. त्यातून ५:३० गेले, राहिले ३:३०. ही यूटीसी, अजून रविवारच. आता उन्हाळी आकडा −७ लावायचा. साडेतीनातून सात जात नाहीत; उत्तर येतं शून्याच्या साडेतीन तास खाली. २४ मिळवले की २०:३०, आणि तारीख एक मागे: शनिवार, २ नोव्हेंबर, रात्री साडेआठ. हे उणे उत्तर पाहून गोंधळायचं काही कारण नाही. मध्यरात्रीच्या साडेतीन तास अलीकडे, एवढाच त्याचा अर्थ, आणि मध्यरात्रीच्या अलीकडे असतो तो आदला दिवस.

उलट बाजूने पडताळा घ्यावा. सॅन होजेत शनिवार, २०:३०. इथून आपल्याकडे यायचं तर साडेबारा तास मिळवायचे: ३३:००. चोवीस वजा केले की ९:००, तारीख एक पुढे, म्हणजे रविवार. जिथून निघालो तिथे परत पोचलो. हा उलटा फेरा अर्ध्या मिनिटाचा असतो, पण दिशा चुकली असेल, अर्धा तास विसरला असेल किंवा तारीख सरकवायची राहिली असेल, तर तो लगेच दाखवून देतो. मिनिटांच्या वजाबाकीत हातचा घेताना तासाची साठ मिनिटं असतात हेही घाईत सुटतं. ८:१५ मधून ५:३० वजा करताना पंधरातून तीस जात नाहीत. एक तास मोडून ७ तास ७५ मिनिटं करायची, मग २:४५ मिळतात. कागदावर दशांशाच्या सवयीने शंभर धरणारा २:८५ लिहून बसतो.

तोंडी रीत सोडून द्या असं मी म्हणणार नाही; रोजच्या वापरात ती पटकन चालते. पण तिची एक फसवी जागा ओळखून असावं. साधारणपणे लोक असं धरतात की भारतातली सकाळ म्हणजे तिथला आदला दिवस, आणि भारतातली दुपार किंवा रात्र म्हणजे तिथला तोच दिवस. हे जवळजवळ नेहमी खरं असतं. फक्त आपल्या दुपारी बारानंतरचा एक पट्टा त्यातून निसटतो: उन्हाळ्यात साडेबारापर्यंतचा, हिवाळ्यात दीडपर्यंतचा. जानेवारीत कोल्हापुरात दुपारचा एक वाजला असेल तर सॅन होजेत आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. दुपार आहे म्हणून तारीख तीच धरली की पूर्ण दिवसाची चूक होते.

भाऊबीजेसाठी या पट्ट्याला आणखी महत्त्व आहे. शनिवारी रात्री साडेआठला भाऊ कॉलवर आला तर बहिणीच्या दारात भाऊबीज असते, पण त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर अजून २ तारीख असते. पुष्कळ घरांना त्यात काही वावगं वाटत नाही. काहींना मात्र दोन्हीकडे तीच तारीख हवी असते, आणि ती इच्छा हिशेबात बसवता येते. सॅन होजेत ३ तारीख सुरू होते मध्यरात्री ०:०० ला. त्यात उन्हाळी अंतर साडेबारा तास मिळवलं की कोल्हापुरात दुपारचे साडेबारा, ३ तारीखच. तिथून कोल्हापुरात मध्यरात्र होईपर्यंत दोन्ही घरांत ३ नोव्हेंबर असते. म्हणजे एरवी उन्हाळी वेळेत साडेअकरा तास आणि हिवाळी वेळेत साडेदहा तास एवढाच काळ दोन्ही कॅलेंडरांवर एकच तारीख असते. त्यातला भावाच्या झोपेचा भाग वगळला की उरते त्याची सकाळ आणि बहिणीची रात्र.

बहिणीने म्हणून बेत बदलला: सकाळी नको, रात्री जेवणाआधी साडेआठला ओवाळू. आदल्या रविवारी, २७ ऑक्टोबरला, दोघं याच वेळी बोलले असते तर सॅन होजेत सकाळचे आठ वाजलेले असते. तेव्हा ‘तुझे आठ, माझे साडेआठ’ असं ठरवून मोकळं व्हावं, असं कुणालाही वाटेल. पण ३ नोव्हेंबर २०२४ हा नोव्हेंबरचा पहिला रविवार होता. त्या पहाटे सॅन होजेत दोन वाजायच्या क्षणी घड्याळं पुन्हा एकवर आली. तो क्षण यूटीसीत ९:०० चा आणि कोल्हापुरात रविवारी दुपारी अडीचचा. अडीचच्या आधीच्या कॉलसाठी आकडा −७, आणि अडीचपासून पुढे −८. सकाळी नऊच्या कॉलसाठी आपण −७ वापरला तो म्हणूनच बरोबर होता. रात्री साडेआठसाठी मात्र तो चालणार नाही. त्याच दिवशी, त्याच दोन गावांमध्ये, दोन वेगळी अंतरं.

पुन्हा मांडू. रविवार, २०:३०, वजा ५:३०, यूटीसी १५:००. वजा ८, उत्तर ७:००, रविवार, ३ नोव्हेंबर. भावाचे सकाळचे सात. आठ नाहीत. त्याने जुन्या अंतराच्या भरवशावर आठला फोन उघडला असता तर बहिणीकडे साडेनऊ वाजलेले असते आणि मुलं ताटासमोर पेंगत असती. उलट ‘भावाचे आठ’ हे पक्कं धरलं असतं आणि बहीण सवयीने साडेआठला बसली असती, तर तिला तासभर वाट पाहावी लागली असती. त्या पहाटेची आणखी एक गंमत अशी की सॅन होजेत रात्रीचा दीड दोनदा वाजला: एकदा आपल्या दुपारी दोनला आणि पुन्हा आपल्या तीनला. त्या वेळी कोणी कॉल ठेवत नाही हे बरंच आहे, कारण नुसत्या ‘दीड’वरून तो कुठला हे सांगताच येत नाही. मार्चमध्ये याच्या उलट होतं. दोनचे एकदम तीन होतात आणि मधला तास घड्याळात येतच नाही.

दरवर्षी भाऊबीज अशी नेमकी सांध्यावर येत नाही. २०२५ मध्ये ती २३ ऑक्टोबरला होती आणि अमेरिकेतली घड्याळं २ नोव्हेंबरला बदलली, त्यामुळे पूर्ण दिवाळीत साडेबारा तासांचंच अंतर राहिलं. पण आपले सण तिथीने पुढेमागे होतात आणि त्यांची घड्याळं रविवार पाहून बदलतात. म्हणून ‘दिवाळीला अंतर किती’ या प्रश्नाला कायमचं उत्तर नाही. ते त्या वर्षीच्या तारखेवरूनच काढावं लागतं.

इथे फोनही फसवतो, आणि तो खोटं बोलत नसताना फसवतो. जागतिक घड्याळात सॅन होजे टाकलं की आत्ता तिथे किती वाजले ते अचूक दिसतं. बऱ्याच फोनांत गावाच्या नावाखाली तिथे आज आहे की काल, हेही दिसतं. पण ते अंतर आजचं असतं. ऑक्टोबरच्या मध्याला फोन पाहून ‘साडेबारा तास’ लिहून ठेवलं आणि नोव्हेंबरच्या कॉलला वापरलं, की तासाची चूक ठरलेलीच. ज्या दिवशी बोलायचं त्या दिवसाचा आकडा घ्यायचा. फोनच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेची नोंद करून तिला दुसऱ्या गावाची वेळ लावून पाहिली तर हा बदल आपोआप धरला जातो. तिथे वेळेचा विभाग निवडताना `Asia/Kolkata` किंवा `America/Los_Angeles` अशी नावं दिसू शकतात. सॅन होजे यादीत सापडलं नाही तरी घाबरू नये. ते लॉस एंजेलिसच्याच घड्याळावर चालतं.

गावाचं नाव घेऊन बोलणं आद्याक्षरांपेक्षा सुरक्षित असतं, हे मी आग्रहाने सांगेन. कॅलिफोर्नियातली माणसं सवयीने बारा महिने `PST` लिहितात. काटेकोरपणे ती फक्त हिवाळ्यातली वेळ आहे, उन्हाळ्यातली `PDT`. जुलैमध्ये कोणी ‘सकाळी आठ `PST`’ लिहिलं आणि आपण अक्षरशः −८ लावला, तर तासाचा घोटाळा होतो. आपलं `IST` हेही एकट्या भारताचं नाही. इस्राएलच्या वेळेलाही तेच म्हणतात. ‘सॅन होजेची वेळ’ म्हटलं की त्या दिवशी तिथल्या भिंतीवरचं घड्याळ दाखवील ती, आणि त्यात वाद उरत नाही.

तसंच ‘उद्या’ हा शब्द. कोल्हापुरात शनिवारी सकाळी नऊला लिहिलेलं ‘उद्या बोलू’ सॅन होजेत शुक्रवारी संध्याकाळी पोचतं, आणि तिथला उद्या म्हणजे शनिवार. दोन्ही बाजूंचे वार, तारखा आणि वेळा पूर्ण लिहिलेला निरोप लांबलचक दिसतो, पण तोच लागतो: ‘दादा, कोल्हापूर रविवार ३ नोव्हेंबर रात्री साडेआठ, सॅन होजे रविवार ३ नोव्हेंबर सकाळी सात. तुमच्याकडे त्याच पहाटे घड्याळ बदलतंय, ते धरून.’ समोरच्याने नुसतं ‘हो’ न म्हणता आपल्या बाजूची वेळ स्वतः काढून परत लिहिली तर उत्तम. दोन स्वतंत्र हिशेब जुळले की निश्चिंत व्हायला हरकत नाही.

आणि चुकलंच, तर चूक किती तासांची आहे त्यावरून तिचं मूळ सापडतं. नेमका एक तास चुकला असेल तर घड्याळबदल धरायचा राहिला. अर्धा तास चुकला असेल तर साडेपाचाचा अर्धा सुटला. बारा तास चुकले असतील तर सकाळ आणि रात्र यांची अदलाबदल झाली. बरोबर एक दिवस चुकला असेल तर काटा नीट काढला, पण तारीख सरकवायची राहिली. आणि चौदा तासांसारखा विचित्र आकडा आला, तर भावाचे सात तास वजा करण्याऐवजी मिळवले गेले. दोन्हीकडची माणसं रागावण्याआधी हा आकडा पाहिला तर बरं.

दर आठवड्याच्या कॉलला आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: वेळ कोणाच्या घड्याळाला बांधायची. कॅलेंडरमधली पुनरावृत्त नोंद एकाच गावाच्या वेळेला चिकटलेली असते. ती कोल्हापूरला बांधली तर नोव्हेंबरात भावाची वेळ तासभर अलीकडे येते आणि मार्चमध्ये परत जाते. सॅन होजेला बांधली तर हीच सरकासरक बहिणीकडे होते. माझ्या मते ज्या घरात औषधांच्या, जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा पाळणारी वयस्कर माणसं आहेत, त्या घराला वेळ बांधावी. तरुणांनी वर्षातून दोनदा गजर बदलावा. अर्थात तिकडे तान्हं बाळ असेल तर पारडं तिकडे झुकेल.

साप्ताहिक वेळेसाठी दोन खिडक्या सोयीच्या पडतात. एक म्हणजे आपली सकाळ आणि तिथली आदली संध्याकाळ. हिवाळ्यात आपले साडेसात ते साडेदहा म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा ते नऊ. दुसरी, आपली रात्र आणि तिथली त्याच दिवसाची सकाळ. सुट्टी दोन्हीकडे हवी असेल तर पहिल्या खिडकीत आपला रविवार धरावा, तेव्हा तिथे शनिवार संध्याकाळ असते. आपली सोमवारची सकाळ त्यांना रविवार म्हणून सोयीची वाटते, पण तेव्हा आपली मुलं दप्तर शोधत असतात.

तारखेचा खरा कस वाढदिवसाला लागतो. १५ जानेवारीला कोल्हापुरात आजीचा वाढदिवस आहे असं धरू. सॅन होजेतल्या नातवाने शाळेतून येऊन, १५ तारखेला संध्याकाळी सहाला, आजीला फोन लावला. १८:०० मध्ये साडेतेरा मिळवले, ३१:३०. चोवीस गेले, ७:३०, तारीख एक पुढे. आजीकडे १६ तारखेची सकाळ झालेली असते आणि वाढदिवस कालच होऊन गेलेला असतो. आजीची १५ तारीख नातवाच्या घड्याळात १४ तारखेच्या सकाळी साडेदहाला सुरू होते आणि १५ च्या सकाळी साडेदहाला संपते. त्या चोवीस तासांत त्याची संध्याकाळ एकच येते, ती १४ तारखेची. तेव्हा त्याच्या कॅलेंडरवर आजीच्या वाढदिवसाची नोंद १५ च्या चौकोनात करू नये. ती १४ जानेवारीला, संध्याकाळी सहाला करावी, आणि तिच्या शेजारी लिहावं: आजीकडे १५ तारीख, सकाळचे साडेसात.